मायक्रोच्या व्हायवासाठी ऑर्गॅनिझमनुसार क्वेश्चन बँक कशी बनवायची (कॉलरा घेऊन करून बघू)

सेकंड इयरला मायक्रो आता सिस्टीमनुसार शिकवतात, २०१९ ला सीबीएमई आल्यापासून तसंच चाललंय. म्हणजे कॉलरा येतो पोटाच्या इन्फेक्शन्समध्ये, स्टॅफ येतो स्किनमध्ये आणि परत हाडांमध्ये आणि परत फूड पॉयझनिंगमध्ये. पण व्हायवाच्या टेबलवर बसलेले सर काही सिस्टीम विचारत नाहीत, ते एका ऑर्गॅनिझमचं नाव घेतात आणि मग पाच मिनिटं त्यालाच धरून बसतात. आणि आपली खरी पंचाईत तिथे होते, कारण त्या ऑर्गॅनिझमची माहिती आपल्या नोट्समध्ये असते सगळी, पण सात ठिकाणी विखुरलेली असते आणि टेबलवर ती एकत्र जुळवायला वेळ मिळत नाही. क्वेश्चन बँक बनवायची ती ह्यासाठी. बाजारात मिळणाऱ्या व्हायवाच्या पुस्तकातले प्रश्न पाठ करणं हा वेगळा उद्योग आहे, त्यात तुमच्या कॉलेजात काय शिकवलं, कुठल्या मीडियाच्या प्लेट दाखवल्या, जर्नलमध्ये काय लिहून घेतलं हे काहीच नसतं आणि इंटर्नल एक्झामिनर तर नेमकं तेच विचारतात.

मी इथे व्हिब्रिओ कॉलरी घेतोय, एकच ऑर्गॅनिझम, पण पूर्ण. हा नवख्यांसाठी सगळ्यात सोयीचा आहे असं माझं मत, कारण ह्याच्यात प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि एका उत्तरातून पुढचा प्रश्न आपोआप निघतो.

आधी गोळा करा, प्रश्न नंतर

पहिल्याच दिवशी प्रश्न लिहायला बसू नका. एक कोरं पान घ्या, वर ऑर्गॅनिझमचं नाव टाका आणि सगळ्या नोट्स पहिल्या लेक्चरपासून चाळत जा, जिथे जिथे कॉलराचा उल्लेख सापडेल ती ओळ जशीच्या तशी ह्या पानावर उतरवा आणि बाजूला कुठून घेतली ते लिहा, ‘ले ६, पान २’ एवढं पुरे. हा पत्ता लिहायचा कंटाळा करू नका, पुढे दोन नोट्स एकमेकींशी भांडतात तेव्हा तोच उपयोगी पडतो.

कॉलरा कुठे कुठे लपलेला असतो बघा. जनरल मायक्रोच्या नोट्समध्ये फ्लॅजेलाच्या लेक्चरला तो आहे, एका टोकाला एकच फ्लॅजेलम आणि डार्टिंग मोटिलिटी. कल्चर मीडियाच्या लेक्चरला तो तीनदा येतो, एनरिचमेंटला अल्कलाइन पेप्टोन वॉटर, सिलेक्टिव्हला टीसीबीएस आणि ट्रान्सपोर्टला केरी-ब्लेअर आणि व्हीआर फ्लुइड. बायोकेमिकल टेस्टच्या लेक्चरला ऑक्सिडेज पॉझिटिव्ह म्हणून येतो. जेनेटिक्सला फेज कन्व्हर्जनच्या उदाहरणात येतो, कारण कॉलरा टॉक्सिनचे जीन्स बॅक्टेरिओफेजवर असतात आणि हे उदाहरण बहुतेकजण विसरतात, सगळे डिप्थेरिया सांगून थांबतात. एक्झोटॉक्सिनच्या तक्त्यात येतो. मग मुख्य लेक्चर, वॉटरी डायरियाचं. आणि शेवटी प्रॅक्टिकलचं जर्नल, हँगिंग ड्रॉपचं पान. पीएसएमच्या नोट्स हाताशी असतील तर ओआरएस आणि आऊटब्रेकचा भाग तिथूनही उचला, मायक्रोचे एक्झामिनर ते विचारतातच.

एका ऑर्गॅनिझमला हे काम तासाभरात होतं. एकाच वेळी दहा ऑर्गॅनिझमची पानं उघडून बसलात तर मात्र काहीच पूर्ण होत नाही, म्हणून एक संपवा आणि मग दुसरा.

मग ओळी पेशंटच्या क्रमाने लावा

गोळा केलेल्या ओळी आता लावायच्या आहेत. पुस्तकाचा क्रम मॉर्फॉलॉजी, कल्चर, बायोकेमिकल, अँटिजेन, पॅथोजेनेसिस, डायग्नोसिस, ट्रीटमेंट असा असतो. व्हायवाला तो फार कामाचा नाही असं मला वाटतं. टेबलवर प्रश्न बहुतेक वेळा पेशंटपासून सुरू होतो, ‘तांदळाच्या पेजेसारखे जुलाब होतायत, काय वाटतं, कुठलं स्पेसिमेन घेशील?’ आणि मग स्पेसिमेनमागे जात जात सर लॅबमध्ये पोचतात. म्हणून क्रम असा ठेवा: पेशंट आणि स्पेसिमेन, डायरेक्ट बघणं, कल्चर, ओळख पटवणं, आजार कसा होतो, उपचार आणि प्रतिबंध, आणि सगळ्यात शेवटी इतिहास. प्रत्येकाला वहीत एक पान किंवा गूगल शीटमध्ये एक कॉलम. सगळ्या पानांवर सारखे प्रश्न आले पाहिजेत असा हट्ट नको, कॉलराला टॉक्सिनचं पान जाडजूड होणार आणि अँटिबायोटिकचं बारकं राहणार, स्टॅफ ऑरियसला बरोब्बर उलटं होतं.

ओळीचा प्रश्न कसा करायचा

इथे बहुतेक जण घसरतात. नोट्समध्ये ओळ असते, ‘टीसीबीएसवर पिवळ्या कॉलनी येतात’. आणि त्याचा प्रश्न केला जातो, ‘टीसीबीएसवर कुठल्या रंगाच्या कॉलनी येतात?’ हा प्रश्न चुकीचा नाहीये पण मेला आहे, एका शब्दात उत्तर दिलं की संपला. सर तिथे थांबत नाहीत ना.

एका ओळीला तीन प्रकारे विचारायचं. आधी काय, मग का, आणि मग तसं नसेल तर काय. टीसीबीएसच्या त्याच ओळीवर करून बघू.

काय: कुठला मीडिया, कॉलनी कशा? टीसीबीएस, पिवळ्या, मोठ्या, किंचित फुगीर.

का: पिवळ्या का? कारण मीडियात सुक्रोज आहे, व्हिब्रिओ कॉलरी ते फर्मेंट करतो, ॲसिड तयार होतं आणि ब्रोमोथायमॉल ब्लू पिवळा होतो. मग लगेच पुढचं का, बाकीचे पोटातले जंतू का वाढत नाहीत? कारण मीडियाचा पीएच ८.६ च्या आसपास ठेवलेला असतो, बाइल सॉल्ट्स आहेत, आणि एवढा अल्कलाइन पीएच व्हिब्रिओला चालतो, बहुतेक इतरांना नाही.

नसेल तर: कॉलनी हिरव्या आल्या तर? मग व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस आठवायचा, तो सुक्रोज फर्मेंट करत नाही, सीफूड खाल्लंय का विचारायचं. आणि पिवळ्या आल्या तर कॉलरा नक्की का? नाही! व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसही पिवळा येतो, म्हणून पुढे ऑक्सिडेज आणि मग सीरमने खात्री.

एका मेलेल्या ओळीतून पाच जिवंत प्रश्न निघाले बघा, आणि त्यातला शेवटचा प्रश्न तुम्हाला सरळ पुढच्या पानावर, ओळख पटवण्याच्या पानावर घेऊन गेला.

प्रत्येक ओळीचे तिन्ही प्रकार होत नाहीत. ‘ओगावा, इनाबा, हिकोजिमा’ ह्या सीरोटाइप्सवर ‘का’ विचारण्यासारखं फारसं काही नाही, तिथे नाव विचारा, कशावरून पाडलेत ते विचारा, म्हणजे ओ अँटिजेनच्या ए, बी, सी ह्या भागांवरून, आणि पुढे चला. ओढूनताणून केलेले प्रश्न नंतर कुणीच वाचत नाही.

उत्तर बोलायचं आहे हे लक्षात ठेवून लिहा

लेखी परीक्षेच्या उत्तराची सवय इथे नडते. व्हायवाचं उत्तर दोन वाक्यांत संपायला हवं, पहिल्या वाक्यात थेट उत्तर आणि दुसऱ्यात कारण. लिहून झालं की मोठ्याने म्हणून बघा, मध्येच श्वास लागला किंवा जीभ अडखळली तर ते उत्तर लांब आहे, तोडा. आणि ज्या इंग्रजी वाक्यात तुम्ही टेबलवर बोलणार आहात त्याच वाक्यात लिहा, मी इथे मराठीत लिहितोय ते समजावण्यासाठी, तुमच्या वहीत तुमचं तोंडचं इंग्रजी येऊ द्या. मराठी माध्यमातून आलेल्यांना हे जास्तच लागू आहे, कारण माहिती असते पण वाक्याची सुरुवात सापडत नाही, म्हणून सुरुवातीचे चार शब्द अंडरलाइन करून ठेवा.

कॉलराचं पान भरून बघू

आता खरंच भरू. सगळे प्रश्न देत नाही, ज्यात कड्या जुळतात तेवढे देतो.

स्पेसिमेनपासून सुरू. कॉलराच्या पेशंटकडून काय घ्याल? स्टूल, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, कॅथेटरने घेतलेलं सगळ्यात चांगलं, नाहीतर रेक्टल स्वॅब. ब्लड कल्चर का नाही पाठवत? कारण हा जंतू आतड्याच्या पेशींच्या आत शिरतच नाही, वर चिकटून बसतो आणि टॉक्सिन सोडतो, रक्तात जायचा प्रश्नच नाही. इथे हुशार एक्झामिनर विचारेल की एकही अपवाद नाही का, तर ओ१३९ ला कॅप्सूल असतं आणि त्यात बॅक्टेरिमिया झाल्याचं नोंदलेलं आहे. हा प्रश्न बँकेत ठेवा पण त्याच्यावर ‘वरचा’ अशी खूण करा, पासिंगसाठी नव्हे.

लॅब लांब असेल तर? केरी-ब्लेअर किंवा व्हीआर फ्लुइड, म्हणजे व्यंकटरमण-रामकृष्णन. हे नाव पूर्ण म्हणायची सवय करा, आपल्याच देशातल्या दोघांचं नाव आहे आणि बरेचजण नुसतं व्हीआर म्हणून गप्प होतात. मग प्रश्न येतो की शिगेलाला वापरतात तो ग्लिसरॉल सलाइन इथे का नको, तर व्हिब्रिओला तो मानवत नाही, मरतात.

डायरेक्ट बघणं. हँगिंग ड्रॉपमध्ये काय दिसतं? डार्टिंग मोटिलिटी, इकडून तिकडे सुसाट धावणारे जंतू. नुसतं हे बघून कॉलरा म्हणाल का? नाही, त्याच थेंबात ओ१ चा अँटिसीरम घातला आणि हालचाल थांबली तर मात्र जोरदार अंदाज बांधता येतो. स्टूल मायक्रोस्कोपीत पस सेल्स दिसतील का? नाही, कारण आतड्याला इजाच नाही, सूज नाही. पस सेल्स भरपूर असतील तर शिगेलाकडे वळा. ही एक ओळ पॅथोजेनेसिसच्या पानाशी जोडलेली आहे, बाजूला बाण काढून ठेवा.

कल्चरमध्ये अल्कलाइन पेप्टोन वॉटरची कडी सगळ्यात सुंदर आहे. ती सलग लिहून देतो, म्हणजे कडी कशी दिसायला हवी ते कळेल.

प्रश्न: एनरिचमेंट कशात कराल? — अल्कलाइन पेप्टोन वॉटर, पीएच साधारण ८.६.

मग: किती वेळ ठेवाल? — ६ ते ८ तास.

मग: रात्रभर का नाही? — व्हिब्रिओ वेगाने वाढतो म्हणून सुरुवातीच्या तासांत तो पुढे असतो, जास्त वेळ ठेवलं तर बाकीचे जंतूही वाढून त्याला झाकतात.

मग: सबकल्चर करताना ट्यूब हलवून घ्याल का? — नाही, व्हिब्रिओला हवा आवडते, तो वर पृष्ठभागाशी जमतो, म्हणून वरूनच लूप घ्यायचा.

हे चार प्रश्न चार वेगवेगळ्या पानांवर पडले असते तर काहीच वाटलं नसतं, एकत्र ठेवले की चौघांचं कारण एकच आहे हे दिसतं, जलद वाढ आणि हवेची आवड. कडी ओळखायची खूण हीच, की पुढचं उत्तर मागच्या कारणातून निघतं, वेगळं पाठ करावं लागत नाही.

ओळख पटवताना एक सापळा हमखास आहे. ऑक्सिडेज कुठून कराल? टीसीबीएसवरच्या कॉलनीतून करू नका, मीडियातल्या ॲसिडमुळे टेस्ट चुकीची निगेटिव्ह येऊ शकते, आधी न्यूट्रिअंट अगरवर सबकल्चर. नोट्समध्ये ‘ऑक्सिडेज पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेलं असतं, हे वाक्य जर्नलमध्ये किंवा प्रॅक्टिकलला मॅडम तोंडी सांगतात त्यात असतं, म्हणून प्रॅक्टिकलला वहीचं मागचं पान अशा तोंडी वाक्यांसाठी ठेवा. स्ट्रिंग टेस्टही इथेच, ०.५ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेटमध्ये कॉलनी मिसळली की पेशी फुटतात, डीएनए बाहेर येतो आणि लूप उचलला की तार निघते. कॉलरा रेड रिॲक्शनला का विचारलं तर इंडोल तयार होतो आणि नायट्रेटचं नायट्राइट होतं, सल्फ्युरिक ॲसिड घातलं की दोघं मिळून लाल नायट्रोसो-इंडोल.

क्लासिकल आणि एल टॉरचा फरक हा तक्ता म्हणून पाठ करू नका, बँकेत तो चार छोटे प्रश्न म्हणून टाका: पॉलिमिक्सिन बी ५० युनिटला कोण दबतो, तर क्लासिकल. व्हीपी कोणाची पॉझिटिव्ह, कोंबडीच्या आरबीसी कोण गोळा करतो, दोन्हीला एल टॉर. मुखर्जींच्या ग्रुप फोर फेजने कोण फुटतो, क्लासिकल. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे क्लासिकल जरा नाजूक, पॉलिमिक्सिननेही जातो आणि फेजनेही.

टॉक्सिनचं पान, इथे वेळ घालवा

ह्या पानावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण इथून ओआरएसपर्यंत एक सरळ रस्ता जातो आणि डिस्टिंक्शनचे मार्क त्या रस्त्यावर आहेत.

टॉक्सिनला एक ए भाग आणि पाच बी भाग. बी चं काम काय? पेशीवरच्या जीएम१ गँगलिओसाइडला चिकटणं. ए चं? आत जाऊन जीएस प्रोटीनला एडीपी-रायबोज जोडणं. त्याने काय होतं? जीएस बंदच होत नाही, ॲडेनिलेट सायक्लेज चालूच राहतो, सायक्लिक एएमपी वाढतं. मग? क्लोराइड बाहेर फेकलं जातं, सोडियम आत घेणं थांबतं, त्यांच्यामागे पाणी जातं. आणि आता तो प्रश्न ज्यासाठी हे सगळं होतं: सोडियम आत जातच नाही तर मग तोंडाने पाजलेलं ओआरएस काम कसं करतं? उत्तर असं की ग्लुकोजसोबत सोडियम आत नेणारा रस्ता वेगळा आहे, टॉक्सिन त्याला हात लावत नाही, म्हणून ओआरएसमध्ये ग्लुकोज चवीसाठी नसतं, सोडियमला आत नेण्यासाठी असतं. सध्याच्या लो ऑस्मोलॅरिटी ओआरएसमध्ये सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल प्रति लिटर, एकूण २४५. दोन्ही आकडे सारखे का, हा प्रश्न स्वतःच बनवता येतो बघा, कारण तो ट्रान्सपोर्टर दोघांना जोडीने नेतो.

ह्याच पानाच्या खाली एक ‘जोड्या’ असा कोपरा ठेवा. कॉलरा टॉक्सिनसारखाच दुसरा कोण? इटेकचा हीट लेबाइल टॉक्सिन, यंत्रणा तीच. एडीपी-रायबोज जोडणारे पण दुसऱ्या ठिकाणी? डिप्थेरिया इलाँगेशन फॅक्टर-२ ला, पर्टुसिस जीआय ला. हा कोपरा कॉलराच्याही पानावर लिहायचा आणि डिप्थेरिया, पर्टुसिसच्याही पानावर, पुनरावृत्ती होऊ द्या. सर एका ऑर्गॅनिझमवरून दुसऱ्यावर उडी मारतात ती अशाच जोडीवरून मारतात, आणि ऑर्गॅनिझमनुसार बँकेची मोठी कमजोरी हीच आहे की अशा उड्या तिच्यात बसत नाहीत, म्हणून हा कोपरा मुद्दाम ठेवावा लागतो.

उपचाराचं पान लहानच. आधी पाणी, मग औषध, हा क्रम उत्तरात उलटला की सर भुवया उंचावतात. अँटिबायोटिक विचारलं तर मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन ३०० मिलिग्रॅम एकच डोस, आणि त्याने काय साधतं तर जुलाबाचे दिवस आणि जंतू बाहेर पडणं कमी होतं, जीव वाचवतं ते पाणीच.

इतिहासाचे प्रश्न तीन-चारच ठेवा पण नीट ठेवा. जॉन स्नो, लंडन, १८५४. कॉख, १८८४ ला कलकत्त्यात. एस. एन. डे, कलकत्ता, १९५९, सशाच्या आतड्यात त्यांनी दाखवलं की जंतू नसलेल्या कल्चर फिल्ट्रेटनेही तोच परिणाम होतो, म्हणजे टॉक्सिन आहे. दिलीप महालनोबिस, १९७१ ला बनगावच्या निर्वासित छावणीत ओआरएस. आणि एक मुंबईकरांसाठी: हाफकिन म्हटलं की आपली पोरं परळ आणि प्लेग सांगतात, पण हाफकिनची कॉलऱ्याची लस प्लेगच्या आधीची आहे, भारतात तो आलाच मुळी कॉलऱ्याची लस घेऊन, १८९३ ला, आणि प्लेगची लस मुंबईत १८९७ ला. सातवी पँडेमिक १९६१ ला सुलावेसीतून, एल टॉर, आणि ओ१३९ दिसला १९९२ ला मद्रासकडे.

दोन नोट्स भांडल्या तर

हे होणारच. एका नोटमध्ये पेप्टोन वॉटरचा पीएच ८.६, दुसरीत ९. एका सीनियरच्या झेरॉक्समध्ये कॉलराच्या स्टूलमध्ये पस सेल्स लिहिलेत. अशा वेळी मनाने निवाडा करू नका, दोन्ही ओळी ठेवून बाजूला लाल प्रश्नचिन्ह टाका आणि आठवड्याची सगळी प्रश्नचिन्हं एकदम टेक्स्टबुकमध्ये तपासा, नाहीतर ट्युटरना गाठा. पीएचसारख्या भांडणात बरेचदा दोन्ही बरोबर निघतात, कारण पुस्तकात रेंज असते, साधारण ८.४ ते ९.२, मग बँकेत रेंज लिहायची. पस सेल्सवाली ओळ मात्र सरळ चूक आहे आणि ती चूक पकडायला पुस्तकही लागत नाही, तुमच्याच टॉक्सिनच्या पानावर लिहिलंय की जंतू आत शिरत नाही. कारणं लिहिलेली असली की चुकीची ओळ स्वतःहून खटकते, नुसती नावं लिहिलेली असली की ती खपून जाते.

झेरॉक्सवरून प्रश्न उचलायचे असतील तर उचला, पण उत्तर तिथून कॉपी करू नका, तुमच्या नोट्समधून शोधून लिहा. नोट्समध्ये सापडलंच नाही तर तेही कळलं पाहिजे, तिथे ‘नोट्समध्ये नाही’ असं लिहा.

किती प्रश्न पुरे

एका मोठ्या ऑर्गॅनिझमला पंचवीस ते तीस, माझ्या मते त्याहून जास्त नको. कॉलराला सुरुवातीला साठ-सत्तर सहज होतात, मग छाटणी करायची: ज्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या उत्तरात आपोआप येतं तो काढा, एका शब्दाचे प्रश्न कडीत घुसवा. मग तीन खुणा, ‘पास’, ‘मधला’, ‘वरचा’. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्या ऑर्गॅनिझमचे फक्त ‘पास’वाले वाचायचे, ते कुठले तर स्पेसिमेन, एक मीडिया, एक ओळखायची टेस्ट, टॉक्सिनचं काम आणि पहिला उपचार. बास.

लहान ऑर्गॅनिझमना, म्हणजे ज्यांच्यावर लेक्चरला एकच स्लाइड होती त्यांना, पाच-सहा प्रश्न खूप झाले. आणि सगळ्यांना कॉलराचाच साचा लावू नका. स्टॅफ ऑरियसला रेझिस्टन्सचं पान मोठं, एमआरएसए ओळखायला सेफॉक्सिटिनची डिस्क का लावतात, मेक-ए जीन काय करतो, ह्याच्यावरच पाच मिनिटं जातात. हिपॅटायटिस बी ला कल्चरचं पान कोरंच राहील, तिथे सीरॉलॉजीचे मार्कर येतील आणि विंडो पिरियडमध्ये कोण पॉझिटिव्ह राहतो, तर कोअरची आयजीएम, हा प्रश्न सगळ्यात वर. टीबीला झेडएन स्टेन आणि सीबीनॅट.

विचारून घ्या

बँक तयार झाली की ती वाचत बसण्यात फार अर्थ नाही, रूममेटला द्या आणि विचारायला सांगा. त्याला दोन सूचना द्या: कुठल्याही कडीच्या मधूनच सुरू कर, आणि माझं उत्तर बरोबर असलं तरी एकदा ‘का?’ म्हण. मधूनच सुरू केल्यावर अडखळलात तर ती कडी तुम्ही ओळीने पाठ केलीये, कारणासकट समजलेली नाही, त्यावर टिंब करून ठेवा आणि दोन दिवसांनी परत. रूममेट दुसऱ्या ब्रँचचा असला तर उलट बरं, त्याला काही कळत नाही म्हणून तो खरंच ‘म्हणजे काय’ विचारतो.

टर्मिनलचा व्हायवा झाला की त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, सगळ्या बॅचकडून कोणाला काय विचारलं ते गोळा करा आणि ज्या त्या ऑर्गॅनिझमच्या पानावर वेगळ्या शाईने टाका, प्रश्न विचारताना सरांचे शब्द जसे होते तसेच. उदाहरणार्थ आपण लिहिलेलं असतं ‘एनरिचमेंट मीडियम सांगा’ आणि सर विचारतात ‘ही ट्यूब सकाळी लावलीस, प्लेटवर कधी घेशील?’. उत्तर तेच आहे, दुपारी, सहा ते आठ तासांनी, वरून. पण प्रश्नाचा चेहरा वेगळा आहे, आणि वेगळ्या शाईतले हे प्रश्न फायनलच्या वेळी सगळ्यात आधी उघडले जातात.

पुढचा ऑर्गॅनिझम म्हणून शिगेला घ्या. स्टूल तेच, पण पस सेल्स, ट्रान्सपोर्ट मीडिया आणि आत शिरणं ही तिन्ही उत्तरं उलटी आहेत, त्यामुळे अर्धं पान कॉलराच्या पानासमोर ठेवूनच भरून होतं.